पॅन्टची कड बुटावर कुठे टेकावी?

तयार फॉर्मल पॅन्टची कंबर, सीट, मांडी, गुडघा हे सगळं कारखान्यातच ठरून आलेलं असतं. मोकळी ठेवलेली असते ती फक्त खालची लांबी. आपल्याकडच्या बहुतेक शोरूममध्ये या पॅन्टचे पाय हवेत त्यापेक्षा चांगले लांब आणि खालून न शिवलेले असतात. गिऱ्हाईक ट्रायल रूममधून अनवाणी किंवा नुसत्या मोज्यांवर बाहेर येतं. दुकानातला माणूस खाली बसतो, जादा कापड आत दुमडून एक टाचणी लावतो आणि "एवढी बरोबर?" असं विचारतो. आपण मान वाकवून खाली बघतो, हो म्हणतो, आणि थोड्या वेळात पॅन्ट कापून, शिवून, पिशवीत घालून हातात येते.

हा निर्णय बूट पायात नसताना घेतलेला असतो, आणि पुढच्या बहुतेक तक्रारी तिथूनच सुरू होतात. घरी बूट घातल्यावर नडगीच्या खाली कापडाच्या दोन-तीन वळ्या पडतात. समोरची इस्त्रीची धार गुडघ्यापर्यंत सरळ येते आणि खाली वाकडीतिकडी होते. मागची कड बुटाच्या टाचेखाली येऊन झिजते. काही वेळा उलट होतं, आणि उभं असतानाच मोजे दिसतात. कंबर, मांडी सगळं बेताचं असूनही पॅन्ट दुसऱ्याची वाटते.

फॉर्मल पॅन्टचा पाय कमरेपासून खाली सरळ लोंबतो. मागच्या बाजूला त्याला अडवणारं काही नसतं, टाचेपर्यंत तो मोकळा उतरतो. पुढच्या बाजूला मात्र पाऊल आडवं येतं. कापड बुटाच्या वरच्या चढावर टेकतं, आणि टेकल्यानंतर जेवढी लांबी उरते तेवढी घोट्याच्या थोडी वर वाकून आडवी चूण होते. टेलरच्या भाषेत या चुणीला ब्रेक म्हणतात. तिचे चार ठोकळ प्रकार मानले जातात.

नो ब्रेकमध्ये पुढची कड बुटाला जेमतेम स्पर्श करते किंवा केसभर वर राहते. चूण पडत नाही आणि इस्त्रीची धार वरपासून खालपर्यंत एका रेषेत राहते. मागून पाहिलं तर कड टाचेमागच्या चामड्याच्या वरच्या काठाजवळ येते. क्वार्टर ब्रेकमध्ये कापड बुटावर हलकं टेकतं आणि एक उथळ खळगा दिसतो. हाफ ब्रेकमध्ये एक स्पष्ट चूण पडते, पण ती एकच असते, आणि मागची कड टाचेमागच्या चामड्याच्या मध्यावर येते. फुल ब्रेकमध्ये चूण खोल असते, धार तिथे मोडून पुढे वळते आणि मागची कड बुटाच्या टाचेच्या ठोकळ्यापर्यंत उतरते. याहून लांब पॅन्टला वेगळं नाव द्यायची गरज नाही. दुसरी चूण दिसली की लांबी चुकली असं समजावं.

बहुतेक लेखांत या चार प्रकारांची चित्रं देऊन आवडेल तो निवडा असं सांगितलेलं असतं. मला ती दिशा अपुरी वाटते, कारण नुसत्या लांबीवरून ब्रेक ठरत नाही. एकच पॅन्ट, त्याच लांबीची, एका बुटावर स्वच्छ उतरते आणि दुसऱ्या बुटावर गोळा होते. त्याचं कारण पॅन्टच्या बॉटममध्ये, म्हणजे खालच्या तोंडाच्या घेरात, आणि बुटाच्या चढात आहे.

हे घरी मोजून पाहता येतं. आपला नेहमीचा फॉर्मल बूट जमिनीवर ठेवा आणि त्याची टाच भिंतीला टेकवा. आता पॅन्टचं बॉटम सपाट धरून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत मोजा. टेलर घेर चौदा, पंधरा, सोळा इंच असा सांगतात, तेव्हा सपाट माप त्याच्या निम्मं, म्हणजे सात, साडेसात, आठ इंच येतं. इस्त्रीची धार पुढे आणि मागे असल्यामुळे पॅन्टचा पाय याच दिशेने चपटा राहतो. त्यामुळे मागची कड टाचेला लागून असेल, तर पुढची कड भिंतीपासून साधारण त्याच अंतरावर बुटाला भेटते. भिंतीपासून सात इंचांवर बुटाची जमिनीपासूनची उंची मोजा, मग आठ इंचांवर मोजा. लेसच्या नेहमीच्या बुटात या दोन ठिकाणांमध्ये जवळपास अर्ध्या इंचाचा फरक निघतो, कारण बुटाचा चढ पुढे उतरत जातो.

अरुंद बॉटम बुटाला मागे आणि उंचावर अडतं. रुंद बॉटम बुटावरून पुढे सरकून खालपर्यंत येतं. म्हणून चौदा इंच घेराची पॅन्ट ज्या लांबीला घड्या करते, त्याच लांबीची अठरा इंच घेराची पॅन्ट बुटावर सरळ उतरू शकते. अरुंद पॅन्ट आखूडच हवी आणि रुंद पॅन्ट लांब हवी, ही फॅशनवाल्यांनी काढलेली टूम नाही. कापडाला पुढे जायला जागा आहे की नाही एवढाच तो हिशेब आहे. आजोबांच्या जुन्या फोटोतली ढगळ पॅन्ट जवळजवळ जमिनीपर्यंत येऊनही रुबाबदार दिसते आणि तेवढीच लांब आजची निमुळती पॅन्ट गबाळी दिसते, ती यामुळेच. १९७०च्या दशकातल्या बेलबॉटमने हा नियम टोकाला नेला होता. ते इतकं पसरट असायचं की बूट आत झाकला जाई आणि कड रस्त्याला घासे. ती फाटू नये म्हणून अनेक शिंपी कडेला आतून चेनची पट्टी शिवून देत.

जुन्या टेलरांचा एक अंदाज मला अजून उपयोगी वाटतो. बॉटमचं सपाट माप बुटाच्या लांबीच्या सुमारे दोन तृतीयांश असावं. बूट बाहेरून बारा इंच लांब असेल तर आठ इंच, म्हणजे सोळा घेर. आज बाजारात मिळणाऱ्या पॅन्ट यापेक्षा अरुंद असतात, आणि पाऊल मोठं असलेल्या माणसाच्या अंगावर ते लगेच जाणवतं. पॅन्ट संपते आणि पुढे बूटच बूट दिसतो. पॅन्ट शिवून घेणार असाल तर लांबीची चर्चा करण्याआधी बॉटमची करावी. तयार पॅन्टचं बॉटम वाढवायला वाव फार थोडा असतो, म्हणून तिथे लांबी बॉटमला जुळवून घ्यावी लागते.

माझ्या भाच्याच्या बाबतीत हे सगळं आकड्यांत पाहायला मिळालं. उंची पाच फूट आठ इंच, बुटाचा नंबर आठ, पहिल्या नोकरीच्या मुलाखतीसाठी काळे ऑक्सफर्ड आणि गडद राखाडी टेरीवूलची तयार पॅन्ट घेतलेली. शोरूममध्ये अनवाणी उभं करून जमिनीला लागेल एवढी लांबी धरली होती. बाजूच्या शिलाईवर, पट्ट्याच्या वरच्या काठापासून ती ४० इंच भरली. सुदैवाने जादा कापड कापून टाकलं नव्हतं, आत दुमडलेलं होतं. बूट घालून आला तेव्हा दोन्ही पायांवर दोन-दोन वळ्या होत्या. "मामा, कंबर तर बरोबर आहे, मग असं का दिसतंय?" हा त्याचा प्रश्न.

आम्ही गल्लीतल्या टेलरकडे गेलो. त्यांनी आधी त्याला पट्टा लावायला सांगितला, नेहमी घालतो तिथेच. मग मोबाईल आणि पाकीट खिशात ठेवायला लावलं, कारण त्या वजनाने पॅन्ट थोडी खाली येते. बूट घालून सरळ उभं केलं आणि म्हणाले, "समोर आरशात बघा, खाली नको." आपण खाली वाकून पाहतो तेव्हा कंबर पुढे कलते, पुढचं कापड उतरतं आणि लांबी आहे त्यापेक्षा जास्त वाटते. दुकानात पॅन्ट आखूड होण्याचं हे एक साधं कारण आहे, आणि फार थोडे लोक ते टाळतात.

मग मापं. बूट घालून पट्ट्याच्या काठापासून जमिनीपर्यंत ४१ इंच होते. बुटाच्या टाचेने एक इंच वाढवलेला. म्हणजे ४० इंचांची कड जमिनीपासून एक इंच वर होती. बॉटमचा घेर साडेचौदा, सपाट सव्वासात. भिंतीपासून सव्वासात इंचांवर त्याच्या ऑक्सफर्डची उंची पावणेतीन इंच निघाली. पुढच्या बाजूला कापडाला पावणेतीन इंचांवर थांबावं लागत होतं आणि त्याला जायचं होतं एक इंचापर्यंत. पावणेदोन इंच कापडाला जायला जागाच नव्हती, आणि त्याच्याच त्या दोन वळ्या होत्या.

पाव इंच जादा असेल तर हलकी चूण पडते, अर्धा ते पाऊण इंच असेल तर हाफ ब्रेक, आणि एक इंचाच्या वर गेलं की फुल ब्रेक, असा ढोबळ हिशेब धरता येतो. कापड जाड-पातळ असेल त्याप्रमाणे यात थोडा फरक पडतो. टेलरनी एका पायाला ३९ इंचांवर टाचण्या लावल्या आणि दुसऱ्याला साडेअडतीसवर. ही पद्धत फार चांगली आहे. दोन लांब्या शेजारीशेजारी दिसल्या की घरातल्या कोणालाही फरक कळतो, शब्दांनी सांगावा लागत नाही. ३९ वर एक ठळक चूण होती. साडेअडतीसवर समोरून छान होतं, पण मागून बुटाची टाच जास्त उघडी पडत होती.

त्यांनी तोडगा काढला तो तिरक्या कडेचा. बाजूला पावणेएकोणचाळीस धरून कड पुढे पाव इंच वर घेतली आणि मागे पाव इंच खाली सोडली. पुढची कड जमिनीपासून अडीच इंचांवर आली, म्हणजे बुटाच्या पावणेतीनपेक्षा पाव इंच खाली. त्यामुळे फक्त हलकी चूण. मागची कड दोन इंचांवर आली आणि टाच नीट झाकली गेली. पुढे-मागे अर्ध्या इंचाचा फरक बाजूने पाहिल्यावर डोळ्यांत भरत नाही. कड मुद्दाम तिरकी केली आहे हे सांगितल्याशिवाय लक्षातही येत नाही.

हा तिरका काप माझ्या मते अरुंद पॅन्टवरचा सगळ्यात उपयोगी इलाज आहे. पाऊल पुढे उंच आणि मागे सखल असताना कड मात्र जमिनीला समांतर ठेवायची, तर पुढे घडी किंवा मागे उघडी टाच, यातलं एक पत्करावंच लागतं. लष्करी गणवेशाच्या पॅन्टमध्येही अशी तिरकी कड आढळते. समारंभी उभं राहताना पुढची धार मोडू नये, हा तिथेही हेतू असतो. फरक अर्धा ते पाऊण इंच ठेवावा. त्याहून जास्त नेला तर पॅन्ट मागे लोंबल्यासारखी दिसते. शिवतानाही थोडी काळजी लागते. तिरकी कड आत दुमडली की आतलं कापड बाहेरच्या कापडाशी जुळत नाही, पुढे ताणतं आणि मागे सैल पडतं. जाणता टेलर आतल्या दुमडीला धारेपाशी छोटी खाच देतो किंवा कापड वाफेच्या इस्त्रीने बसवतो. हे न करता शिवलं तर पुढच्या धारेजवळ कड खेचल्यासारखी होते. पॅन्ट घेताना उलटी करून बघितलं की हे लगेच कळतं.

टर्नअप, म्हणजे खालून बाहेर दुमडलेली पट्टी हवी असेल तर ही सोय जवळजवळ संपते. दीड-दोन इंचांची ती पट्टी सरळ पायावरच नीट बसते. तिरकी केली तर तिचा वरचा काठ पायापासून सुटतो. म्हणून टर्नअप असलेली पॅन्ट नो ब्रेक किंवा फार तर हलक्या ब्रेकवर ठेवावी आणि बॉटमही थोडं रुंद ठेवावं. पट्टीच्या वजनाने कापड खाली ताणलं जातं आणि सरळ पडतं, हा तिचा खरा फायदा आहे. कापड मात्र जास्त लागतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने १९४२मध्ये कापड वाचवण्यासाठी पुरुषांच्या पॅन्टच्या टर्नअपवर बंदी घातली होती. लोक मुद्दाम लांब पॅन्ट विकत घेऊन घरी टर्नअप करून घेऊ लागले. ती बंदी लोकांना इतकी खटकली की १९४४मध्ये उठवावी लागली.

आता बुटांकडे येऊ. एकच पॅन्ट दोन-तीन प्रकारच्या बुटांवर वापरणारे आपल्यात बहुसंख्य आहेत, आणि लांबी कोणत्या बुटावर ठरवायची हा त्यांचा खरा प्रश्न आहे. ऑक्सफर्डमध्ये लेसच्या दोन्ही पट्ट्या चामड्याखाली शिवलेल्या असतात, त्यामुळे त्याचा चढ गुळगुळीत असतो आणि कापड त्यावरून सरकतं. डर्बीमध्ये त्या पट्ट्या वरून जोडलेल्या आणि सुट्या असतात. तिथे उंचवटा जास्त असतो आणि अरुंद पॅन्टची कड पट्ट्यांच्या काठावर अडकते. डर्बी घालणाऱ्याने ऑक्सफर्डपेक्षा किंचित आखूड किंवा किंचित रुंद पॅन्ट घ्यावी. लोफरचा चढ सगळ्यात कमी आणि तोंड उघडं असतं, म्हणून कापड तिथे खोलवर उतरू शकतं. पण त्याची टाचही बहुधा कमी असते, त्यामुळे माणूसच थोडा खाली येतो आणि पॅन्ट जमिनीच्या तेवढी जवळ जाते.

भाच्याच्या लोफरची टाच ऑक्सफर्डपेक्षा पाव इंचाने कमी होती. तीच पॅन्ट लोफरवर घातली तेव्हा पुढची कड अडीचऐवजी सव्वादोन इंचांवर आली, आणि लोफरची उंचीही त्या जागी जवळपास तेवढीच भरली. चूण नाही, फक्त स्पर्श. एक पॅन्ट ऑक्सफर्डवर हलकी चूण देते आणि लोफरवर एकही नाही, अशी जागा सापडली की दोन्ही बूट सांभाळले जातात. मुळात फुल ब्रेक ठेवला असता तर कमी टाचेच्या बुटावर मागची कड जमिनीला लागायला आली असती. म्हणून बूट बदलत राहणाऱ्यांनी लांबी सगळ्यात जास्त वापरातल्या बुटावर ठरवावी, पण कापायच्या आधी सगळ्यात कमी टाचेचा बूट घालून मागची कड एकदा तपासावी. घोट्यावर येणाऱ्या चेल्सी बुटासाठी वेगळीच अडचण असते. तिथे पॅन्टचा पाय बुटाच्या गळ्यावरून उतरायला हवा, आणि बॉटम फार अरुंद असेल तर कड त्या काठावर चढून बसते. त्यावर लांबीचा उपाय चालत नाही, घेरच वाढवावा लागतो.

पाऊल मुद्दाम दाखवायचं असेल तर गोष्ट निराळी. मायकल जॅक्सनने आखूड काळी पॅन्ट आणि पांढरे मोजे ही जोडी पायांची हालचाल शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दिसावी अशीच ठेवली होती, आणि १९९६मध्ये अंधेरीच्या कार्यक्रमात मुंबईकरांनी ती प्रत्यक्ष पाहिली. पुढे न्यूयॉर्कच्या थॉम ब्राउन या डिझायनरने राखाडी सुटाची पॅन्ट घोट्याच्या वर नेली आणि ती आखूड लांबी जगभर पसरली. मुलाखत, न्यायालय, बँक, लग्नातला सूट अशा ठिकाणी मी कोणालाही घोटा उघडा टाकणारी पॅन्ट सुचवणार नाही. नो ब्रेक आणि आखूड यांत एक ठाम सीमा आहे. सरळ उभं असताना बूट आणि कड यांच्यामध्ये मोजा दिसला की पॅन्ट आखूड. बसल्यावर मोजा दिसणारच, कारण गुडघा वाकला की कापड वर ओढलं जातं; त्यासाठी लांबी वाढवायची नाही, पोटरीच्या मध्यापर्यंत येणारे मोजे घ्यायचे.

आणखी एका घोळाबद्दल थोडं विस्ताराने लिहायला हवं, कारण त्यात चांगल्या पॅन्ट उगाच आखूड केल्या जातात. नडगीवर आडव्या सुरकुत्या दिसल्या की आपण लांबीला दोष देतो. पण अरुंद पॅन्टमध्ये मागे पोटरीवर कापड अडकलेलं असू शकतं. कापड पोटरीवरून खाली सरकत नाही, वरचं कापड त्यावर गोळा होतं आणि ब्रेकसारखं दिसतं. ओळखायची युक्ती सोपी आहे. पट्टा सैल करून पॅन्ट कमरेपाशी अर्धा इंच वर उचला. चुणी गेल्या तर दोष लांबीचा. तशाच राहिल्या, किंवा पाय झटकल्यावर क्षणभर जाऊन दोन पावलांत परत आल्या, तर दोष पोटरीवरच्या घेराचा. अशा पॅन्टची लांबी कमी केली तर सुरकुत्या राहतात आणि वर घोटा उघडा पडतो. बाजूच्या शिलाईत कापड शिल्लक असेल तर गुडघ्यापासून खाली थोडी सैल करून घ्यावी, नाहीतर ती पॅन्ट घेऊ नये. सायकल चालवणाऱ्या, ट्रेकला जाणाऱ्या, भरदार पोटरीच्या लोकांना हे वारंवार होतं.

कंबरही लांबीत लुडबूड करते. पोट सुटलेला माणूस पॅन्ट पोटाखाली बांधतो, आणि दिवसभरात ती आणखी खाली सरकते. दुकानात पोट आत घेऊन, पॅन्ट वर ओढून माप दिलं तर संध्याकाळी तीच पॅन्ट बुटावर एक इंच जास्त येते. म्हणून माप देण्याआधी पाच मिनिटं चालावं, खुर्चीत बसावं, उठावं आणि पॅन्ट जिथे स्थिरावेल तिथून लांबी धरावी. दोन्ही पायांची मापंही वेगवेगळी घ्यावीत. एका बाजूचं कंबरेचं हाड थोडं वर असणं अगदी सर्वसामान्य आहे, आणि पाव इंचाचा फरकसुद्धा एका पायावर चूण आणि दुसऱ्यावर सपाट असा दिसतो.

कापडाचा स्वभावही पाहावा लागतो. जाड, वजनदार लोकरीचं कापड एकच गोल, नीट चूण देतं, त्यामुळे हाफ ब्रेक त्यावर शोभतो. पातळ टेरीकॉट किंवा हलक्या व्हिस्कोसमिश्रित कापडाला तोल धरता येत नाही. अर्धा इंच जादा असलं तरी त्याच्या तीन बारीक चुरगळ्या होतात. आपल्या हवेत बहुतेक जण हलकी कापडंच वापरतात, म्हणून मी आपल्याकडे नो ब्रेक ते हलका ब्रेक याच पट्ट्यात राहायला सांगेन. पावसाळ्यातही ते सोयीचं ठरतं. भिजलेली कड जड होऊन खाली लोंबते, आणि आधीच टाचेच्या ठोकळ्यापर्यंत आलेली असेल तर चिखल घेऊन फिरते.

सुती पॅन्टच्या बाबतीत कापण्याआधी एक धुणं झालंच पाहिजे. सुती कापड पहिल्या धुण्यात दोन-तीन टक्के आटू शकतं. ४० इंचांवर दोन टक्के म्हणजे जवळपास पाऊण इंच, आणि पाऊण इंचात हाफ ब्रेकचा नो ब्रेक होतो. दुकानात लगेच शिवून देत असतील तर थांबावं, पॅन्ट न शिवताच घरी आणावी, धुऊन इस्त्री करावी आणि मग बूट घेऊन टेलरकडे जावं. लिननही धुण्यात आटतं, शिवाय गुडघ्यामागे आणि मांडीवर सुरकुतून दिवसाच्या शेवटी थोडं वर चढतं, म्हणून त्याला पाव इंच जादा ठेवायला हरकत नाही.

शिवताना टेलरला दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. आत किमान दोन इंच कापड दुमडून ठेवा, कापून टाकू नका. पुढे बूट बदलले, मुलगा वाढता असला किंवा चव बदलली, तर ते कापड उपयोगी पडतं. लांबी वाढवल्यावर जुन्या दुमडीची रेघ मात्र काही कापडांवर राहते, गडद आणि धुऊन फिकट झालेल्या सुती कापडावर तर हमखास. टेरीवूलवर वाफेने बरीचशी जाते. दुसरं म्हणजे फॉर्मल पॅन्टला खाली मशीनची शिलाई नको, हाताने तुरपाई हवी. टाका बाहेर दिसत नाही, आणि पुढे लांबी बदलायची झाली तर उसवणं सोपं जातं. शिवाय मागच्या कडेला आतून, बुटाच्या टाचेला जिथे घासते तिथे, तीन-चार इंचांची सुती पट्टी लावून घ्यावी. ती कडेच्या बाहेर केसभर डोकावेल अशी शिवली की घासणं तिच्यावर येतं आणि झिजल्यावर ती नवी लावता येते.

पक्की शिलाई मारण्याआधी कच्चा टाका घालून पुन्हा एकदा बूट चढवावेत. दहा-बारा पावलं चालावं, थांबावं आणि पाय न झटकता दुसऱ्या कोणाला तरी बाजूने व मागून बघायला सांगावं. पुढे धार सरळ, मागे टाच झाकलेली, आणि चूण असेल तर एकच, हे तीनही जमलं की मग टेलरला तुरपाई करायला सांगावं.